बांधावर उभं राहून म्हणता येईल अशी वाक्यं

‘‘ह्यात हळद कुठं हाय?’’ वहिनीनं विचारलं आणि भाच्याचा चेहरा उतरला. ओसरीवर हळकुंडं निवडायचं काम चाललं होतं. पुण्याहून हळदपुडीच्या पाकिटाचा नमुना छापून आला होता, गुळगुळीत, मातीच्या रंगाचा, त्यावर एका रोपाची नाजूक रेघ. पाठीमागे मजकूर होता: ‘मातीशी असलेलं नातं जपत, निसर्गाच्या लयीत, पिढ्यान्‌पिढ्यांच्या परंपरेतून फुललेलं निखळ आरोग्य, थेट तुमच्या स्वयंपाकघरात.’ वहिनीनं पदराला हात पुसून तो कागद घेतला, ओठ हलवत एकदा वाचला, उलटून पाहिला, परत वाचला. तिच्या अंगठ्याचा पिवळा ठसा ‘निखळ’वर उमटला. दादा काहीच बोलला नाही. तो अशा वेळी बैलाच्या दाव्याची गाठ तपासायला उठतो. बैल विकून बरीच वर्षं झाली, पण दावं अजून खुंटीला आहे.

मला बोलावणं आलं ते त्याच संध्याकाळी. आत्यानं आयुष्यभर जाहिराती लिहिल्या, दुकानांच्या, बँकांच्या, खतांच्यासुद्धा, तर आत्याच लिहील, असं भाच्यानं ठरवून टाकलं. त्याला दोन गोष्टी हव्या होत्या. एक मिशन स्टेटमेंट, आणि एक ब्रँड मॅनिफेस्टो. त्याच्या कॉलेजमधल्या मित्रांच्या स्टार्टअपांना ते असतं म्हणे. मी म्हटलं, बघते. सांगलीत विश्रामबागेतल्या घरी परतताना एसटीत तो कागद पुन्हा वाचला. मजकूर वाईट नव्हता, लय होती त्याला. फक्त तोच मजकूर मधाच्या बाटलीवर, साबणाच्या वडीवर किंवा एखाद्या योगवर्गाच्या फलकावर चिकटवला असता तरी एक अक्षर बदलावं लागलं नसतं. आणि वाक्यात कर्ता कुठेच नव्हता. नातं जपत होतं कोण? फुलवत होतं कोण? आपल्या भाषेत ‘करून’, ‘ठेवत’, ‘जपत’ अशी एकामागून एक कृदंतं जोडत गेलं की क्रियापद शेवटच्या स्टॉपपर्यंत ढकलता येतं, आणि तिथे पोचेपर्यंत काम करणारा माणूस मध्येच कुठेतरी उतरून गेलेला असतो.

मला आठवत होती ती अण्णांची पट्टी. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे झाले की अण्णा रात्री उशिरा घरी यायचे. धोतराला, डोक्याला, पापण्यांना हळद. खिशातून अडत्याची पट्टी काढून ते आईला वाचून दाखवायचे. आईला वाचता येत नव्हतं, पण ऐकता फार नीट यायचं. इतकी पोती. इतकं वजन. दर हा. हमाली ही. तोलाई ही. हाती आले इतके. मध्ये आई विचारायची, ‘‘वजन मागच्या खेपेपेक्षा कमी कसं?’’ आणि अण्णांना उत्तर द्यावं लागायचं. त्या पट्टीवर एकही विशेषण नसायचं. प्रत्येक ओळ कुणीतरी तपासू शकत होतं, म्हणून प्रत्येक ओळीवर भांडण होऊ शकत होतं. भाच्याच्या पाकिटावरच्या मजकुरावर भांडण होऊच शकत नव्हतं. मला तेच खटकत राहिलं होतं.

तर मी पुढच्या रविवारी वही घेऊन रानात गेले.

रान तीन एकर आहे, कृष्णेपासून हाकेच्या अंतरावर, पलूसच्या बाजूला. काळी, चिकण, पावसात बूट ओढून घेणारी जमीन. अर्धा एकर सेलम जातीची हळद, दीड एकर ऊस, उरलेल्यात भुईमूग आणि मागून हरभरा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये नदी रानात येऊन राहिली. दुसऱ्या वेळी हळद गड्ड्यासकट कुजली आणि खताच्या दुकानाची उधारी मात्र ताजी राहिली. तेव्हा भाचा म्हणाला की आता उधारीवरचं खत बंद. म्हणजे सेंद्रिय शेतीची सुरुवात तत्त्वज्ञानातून झाली नाही, चिडून झाली. हे पाकिटावर लिहावं का, यावर आम्ही बराच वेळ घालवला. मला ते वाक्य फार आवडत होतं. दादाला आवडलं नाही. ‘‘उधारीचं काय गावजेवण घालायचंय व्हय?’’ ते गेलं.

मिशन स्टेटमेंट तुलनेनं लवकर झालं. ते गिऱ्हाइकासाठी नसतंच मुळी, घरातल्यांसाठी असतं, हे मी भाच्याला सांगितलं. दोन माणसांमध्ये मतभेद झाला की ज्याच्याकडे बोट दाखवता येईल, ते मिशन. त्यात काय करतो, कुणासाठी करतो आणि कुठे थांबतो, एवढं आलं पाहिजे. आम्ही तीन वाक्यं लिहिली. ‘तीन एकर रानात आम्ही हळद, ऊस आणि भुईमूग पिकवतो. हळदीची पूड आणि गूळ खाणाऱ्यांना थेट विकतो. आमच्या रानात येतं तेवढंच विकतो.’ भाचा हिरमुसला. यात स्वप्न कुठे आहे, म्हणाला. पण तिसऱ्या वाक्याची परीक्षा लगेच आली. मुंबईच्या एका मोठ्या सोसायटीतल्या लोकांनी मिळून एक टन पुडीची मागणी नोंदवली. अर्ध्या एकरात वाळून निघालेली हळद जेमतेम सात-आठ क्विंटल. दादा म्हणाला, बाकीची यार्डातून घेऊ, तीही सांगलीचीच, तीही सेलमच, कुणाला काय कळतंय. त्याचं चूक नव्हतं. व्यापार असाच चालतो. पण वाक्य लिहून ठेवलेलं होतं आणि ते दादासमोरच लिहिलेलं होतं. मागणी तीन क्विंटलवर आली, लोक कुरकुरले, मग घेतली. ‘आम्ही गुणवत्तेशी तडजोड करत नाही’ असं लिहिलं असतं, तर त्या दिवशी यार्डातली हळद आलीच असती, कारण तीही चांगल्या गुणवत्तेचीच होती.

मॅनिफेस्टोला, म्हणजे गिऱ्हाइकासमोर ठेवायच्या मजकुराला, मात्र महिने लागले. प्रत्येक वाक्यासाठी रानात जाऊन काहीतरी बघावं लागत होतं.

पहिलं वाक्य सगळ्यांना सोपं वाटलं: ‘आम्ही रसायनं वापरत नाही.’ चार शब्द, स्पष्ट, ठसठशीत. मी वहीत लिहिलं आणि सहज विचारलं, ‘‘करपा आला तर काय करता?’’ हळदीच्या पानावर तपकिरी ठिपके पडतात, वाढत जातात, पान वरून भाजल्यासारखं वाळतं. भाचा म्हणाला, बोर्डो मारतो. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. हे सेंद्रिय शेतीच्या नियमांत मर्यादेनं चालतं, त्यात गैर काहीच नाही. पण मोरचूद म्हणजे रसायन नाही, असं म्हणायला कुठल्या तोंडानं जायचं? गिऱ्हाइकांतला एखादा रसायनशास्त्राचा मास्तर निघाला तर पहिल्याच वाक्याला फुली मारेल, आणि पुढची नऊ वाक्यं वाचणारच नाही. म्हणून त्या एका वाक्याची फोड झाली. ‘रासायनिक खत घालत नाही. तणनाशक मारत नाही. करपा आला तर बोर्डो मिश्रण मारतो. त्यात मोरचूद आणि चुना असतो.’ भाच्याला भीती वाटली की मोरचूद वाचून लोक पळतील. काही पळालेही असतील. पण एका बाईंनी फोन करून विचारलं की फवारल्यावर किती दिवसांनी काढता. पानांवर फवारा पावसाळ्यात होतो, गड्डा जमिनीत असतो आणि काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, हे तिला सांगता आलं. ‘रसायनं वापरत नाही’ या वाक्याला असा प्रश्न कुणी विचारलाच नसता.

दुसरी अडचण बांधावर होती, अक्षरशः. शेजारच्या उसात तणनाशक मारलं की वारा आमच्याकडे येतो. बांधाकडच्या हळदीची पानं कधी कधी सुरळीसारखी वळतात, ते दादाला लांबूनही ओळखू येतं. पाऊस पडला की शेजारचं पाणी चरीतून आमच्या रानात उतरतं. आणि पूर आला तर कृष्णाकाठच्या सगळ्या रानांतलं जे काही असेल ते घेऊन येतो. मग पाकिटात ‘काहीच नाही’ असं कोण सांगणार? इथे मला जे उमगलं ते मी पुढे बऱ्याच लोकांना सांगत आले. शेतकरी आपल्या हातांबद्दल शपथ घेऊ शकतो, मालाबद्दल नाही. मी काय घातलं, काय मारलं नाही, कधीपासून, हे मला माहीत आहे. पाकिटातल्या पुडीत शेवटी काय उतरलं, हे प्रयोगशाळेला माहीत, आणि तेही त्या एका नमुन्यापुरतं. ‘विषमुक्त’, ‘शंभर टक्के शुद्ध’, ‘रेसिड्यू फ्री’ ही सगळी मालाबद्दलची वाक्यं आहेत. ‘आम्ही घालत नाही’ हे हातांबद्दलचं वाक्य आहे. छोट्या शेतानं दुसऱ्या जातीची वाक्यं लिहावीत. पहिल्या जातीची लिहायची असतील तर दर खेपेला तपासणीचा कागद जोडायची तयारी हवी आणि तेवढे पैसेही हवेत.

याच कारणानं मी ‘वापरली जात नाहीत’ हे रूप सगळीकडून खोडलं. कर्मणी प्रयोगात हात लपतात. ‘आम्ही घालत नाही’ म्हटलं की दादा, वहिनी आणि भाचा तिघेही त्या वाक्यात उभे राहतात, आणि गावातला कुणीही, ‘‘अरे, परवा तर पोतं उतरताना बघितलं की,’’ असं म्हणू शकतो. आमची कसोटी शेवटी तीच ठरली. वाक्य शेजाऱ्याच्या बांधावर उभं राहून, शेजारी ऐकत असताना, दादाला मोठ्यानं म्हणता आलं पाहिजे. पुण्यातलं गिऱ्हाईक फसेल, शेजारी फसत नाही. दादाला हे एकदम पटलं. त्यानं स्वतःच एक वाक्य दिलं: ‘शेजारच्या बांधालगतच्या चार सऱ्यांची हळद या पाकिटात नाही.’ त्या सऱ्यांची हळद तो आधीपासूनच वेगळी काढून यार्डात पाठवत होता, कुणाला न सांगता. मला आणि भाच्याला हे माहीतच नव्हतं. प्रमाणपत्राच्या पाहणीला येणारी माणसंही असा मधला पट्टा बघतातच, पण दादानं तो नियम वाचून केलेला नव्हता. वळलेली पानं बघून केला होता.

गुळाच्या बाबतीत घोटाळा उलटा होता. तिथे भाच्यानं लिहून आणलं होतं, ‘आमच्या गुळात काहीही मिसळत नाही.’ आमचं स्वतःचं गुऱ्हाळ नाही, गावातल्याच एका गुऱ्हाळावर पाळी लावून गूळ करतो. मी एक दिवस पहाटे जाऊन बसले. चिपाडाचा जाळ, चुलवाणाची धग एका गालाला आणि नदीवरचा गारठा दुसऱ्या गालाला. काहिलीत रस तापला तसा गुळव्यानं चुन्याची निवळी घातली. रस थोडा आंबट असतो, चुन्यानं तो आंबटपणा मारला जातो आणि गूळ नीट बसतो. मग रानभेंडीची ठेचून भिजवलेली खोडं आली. त्यांचा चिकट रस पडला तशी काळपट मळी गोळा होऊन वर आली, झाऱ्यानं ती काढली. रस फुगून काठापर्यंत आला तेव्हा त्यानं पळीभर शेंगतेल सोडलं आणि फेस मुकाट खाली बसला. म्हणजे आमच्या डोळ्यांदेखत तीन गोष्टी पडल्या होत्या. चौथी पडली नाही, ती हायड्रॉस. त्यानं गूळ फिकट पिवळा, बाजारात उठून दिसणारा होतो, आणि काही महिन्यांत परत काळवंडतो. गुळव्याचा हात सवयीनं त्या डब्याकडे जाऊ नये म्हणून दादा दिवसाची पहिली काहील धरतो, आधी काहील धुऊन घेतो, आणि गूळ वाफ्यात ओतेपर्यंत हलत नाही.

वाक्य असं झालं: ‘गुळात चुना, रानभेंडी आणि थोडं शेंगतेल पडतं. हायड्रॉस पडत नाही.’ शेंगतेलाचा उल्लेख भाच्याला फालतू वाटत होता. पण शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली मुलंही असतात, आणि त्यांच्या आयांना ‘काहीही मिसळत नाही’ हे वाक्य सरळ धोक्याचं आहे. नकाराच्या वाक्याचं हे असंच असतं. ‘काहीही नाही’ म्हटलं की माणूस स्वतःही तपासायचं सोडून देतो. ‘हे आहे, हे आहे, ते नाही’ म्हणायला काहिलीशेजारी बसावं लागतं. रंगाचं वाक्य मात्र आपोआप आलं. गिऱ्हाईक विचारायचं, मागच्या वेळी तांबूस होता, या वेळी काळा कसा? ‘गुळाचा रंग दर काहिलीला वेगळा असतो.’ लिहिल्यापासून तो फोन कमी झाला.

नियमांचं थोडक्यात सांगते, कारण भाचा त्यात अडकला होता. थेट खाणाऱ्याला विकणारा छोटा उत्पादक, वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर, सेंद्रिय प्रमाणपत्राशिवायही विकू शकतो. पण त्याला पाकिटावर ‘जैविक भारत’चं चिन्ह छापता येत नाही. गावातल्या किमान पाच शेतकऱ्यांनी गट करून एकमेकांची रानं तपासायची पीजीएस प्रमाणपत्राची वाट आहे, त्यात बदलाच्या काळात ‘ग्रीन’ आणि नंतर ‘ऑरगॅनिक’ असं मिळतं. भाच्याचा गट ‘ग्रीन’वर होता तेव्हा आम्ही तेवढंच लिहिलं, पुढचं नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते चिन्हही अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झाल्याशिवाय लावता येत नाही. आणि ‘नॅचरल’, ‘प्युअर’, ‘ट्रॅडिशनल’ हे शब्द कधी वापरायचे याच्या अटी अन्नसुरक्षेच्या २०१८ च्या नियमांत आहेत. हळद कॅन्सर बरा करते, हे तर अजिबातच छापायचं नाही, मामाच्या मोबाइलवर कितीही वेळा आलं असलं तरी. गंमत अशी की आमची वाक्यं लहान आणि ठोस होत गेली तसे हे सगळे निषिद्ध शब्द आपोआपच गळून पडले होते. नियम वाचून खोडावं असं फारसं उरलंच नव्हतं.

एक वाक्य छापल्यावर मागे घ्यावं लागलं. ‘दळल्यापासून साठ दिवसांत पाकीट विकलं जातं.’ भाच्याचं लाडकं, त्यात आकडा होता ना. पुढे पावसाळ्यात विक्री मंदावली, पाकिटं फळीवर बसली आणि वाक्य खोटं पडलं. आकडा आहे म्हणून वाक्य ठोस होत नाही. ते पाळणं आपल्या हातात आहे का, हे बघावं लागतं. विक्री गिऱ्हाइकाच्या हातात. दळणं आपल्या हातात. म्हणून ‘दळल्याची तारीख पाकिटावर असते.’ आणि मग भाचा एकदम थोडंच दळायला लागला. याउलट एक आकडा फार उपयोगी निघाला: ‘पाच किलो ओल्या हळदीची साधारण एक किलो वाळकी होते.’ भावावर घासाघीस करणाऱ्या माणसाला हे वाक्य दाखवलं की तो निदान दोन मिनिटं विचार करतो. त्यात आमची बाजू मांडलेली नाही, फक्त पाणी उडून जातं हे सांगितलं आहे.

पुराचं वाक्य सगळ्यात उशिरा आलं आणि त्यावर घरात खरंच ताणाताण झाली. पाणी रानात आलं तर काय? तो माल विकायचा की नाही? भाचा म्हणाला, लिहू की पूर आला तर त्या वर्षी विकणार नाही. वहिनी म्हणाली, ‘‘आन् खायाचं काय?’’ तिचा मुद्दा बिनतोड होता. दोन दिवस पाणी राहून ओसरलं आणि गड्डा वाचला, तर त्या हळदीत वाईट काय? पण आम्ही घातलेलं नसलेलं काहीतरी तिच्यावरून गेलं, हेही खरं. शेवटी वाक्य झालं: ‘रानात पुराचं पाणी आलं, तर त्या हंगामाच्या पाकिटावर तसं छापतो.’ घ्यायचं की नाही ते गिऱ्हाईक ठरवेल. दादा बराच वेळ त्या वाक्याकडे बघत होता. म्हणाला, ‘‘आपलाच दोष आपण सांगायचा म्हंजे लई झालं.’’ मग थोड्या वेळानं, ‘‘ऱ्हाऊ दे.’’ मला त्या क्षणी आनंद झाला की अपराधी वाटलं, ते मला अजून नीट सांगता येणार नाही. शहरातल्या ओट्यावर पाकीट उघडणाऱ्या माणसाच्या समाधानासाठी नदीकाठच्या माणसानं आपली जखमही छापायची, हे थोडं जास्तच आहे. ते वाक्य चांगलं आहे, आणि ते मागितलं जाऊ नये असंही मला वाटतं. दोन्ही.

आता छोट्या पत्रकावर, आणि रानाच्या तोंडाशी पत्र्याच्या पाटीवर, जे आहे ते असं:

‘आम्ही रासायनिक खत घालत नाही. २०२१ च्या पुरानंतर घातलेलं नाही. तणनाशक मारत नाही. भांगलण हातानं करतो. हळदीवर करपा आला तर बोर्डो मिश्रण मारतो. त्यात मोरचूद आणि चुना असतो. शेजारच्या बांधालगतच्या चार सऱ्यांची हळद या पाकिटात नाही. हळद शिजवतो, उन्हात वाळवतो, ड्रममध्ये घासतो. रंग लावत नाही. पाच किलो ओल्या हळदीची साधारण एक किलो वाळकी होते. दळल्याची तारीख पाकिटावर असते. गुळात चुना, रानभेंडी आणि थोडं शेंगतेल पडतं. हायड्रॉस पडत नाही. गुळाचा रंग दर काहिलीला वेगळा असतो. रानात पुराचं पाणी आलं, तर त्या हंगामाच्या पाकिटावर तसं छापतो. फोन करून या. रान दाखवतो.’

पाटी लावली त्या दिवशी शेजारचे आप्पा थांबून सगळं वाचून गेले. ‘चार सऱ्या’पाशी आले तेव्हा घसा खाकरला. दुसऱ्या दिवशी दादाला म्हणाले, तणनाशक मारायचं असलं की आदल्या दिवशी सांगत जाईन, वारं बघून मारू. दादानं ‘बरं’ म्हटलं. सऱ्या मात्र चारच ठेवल्या आहेत.

अजून एक वाक्य बाकी आहे. ‘भांगलण हातानं करतो’ हे लिहिताना वहिनी हसली होती. करतो कोण? हळदीला तीन-चार भांगलणी लागतात, तणनाशक नसलं की जास्तच, आणि त्या सऱ्यांत दिवसभर उकिडव्या बसतात त्या गावातल्या बायका. वहिनी त्यांच्याबरोबर बसते, म्हणून तिला हे दिसतं. तिचं म्हणणं, त्यांची मजुरी लिहा. बाकी सगळं लिहिता, मोरचूद लिहिता, शेंगतेल लिहिता, मग हे का नको? दादा म्हणतो, आकडा छापला की गावातल्या प्रत्येक रानात भांडण लागेल, आणि पुढच्या वर्षी वाढवावाच लागेल. भाचा म्हणतो, ‘योग्य मजुरी देतो’ असं लिहू. मी ते वाक्य वहीत लिहूनच घेतलं नाही. बांधावर उभं राहून ते म्हटलं तर पहिल्या सरीतली बाईच विचारेल, योग्य म्हणजे किती. एकतर आकडा लिहायचा, नाहीतर गप्प बसायचं. सध्या आम्ही गप्प आहोत, आणि ते चौघांनाही माहीत आहे. अक्षय्यतृतीयेला लागण होते, त्यानंतर महिन्या-दीड महिन्यात पहिली भांगलण. वहिनीनं सांगून ठेवलंय की त्याच्या आत आकडा ठरला नाही, तर ‘हातानं करतो’मधला ‘करतो’ ती पाटीवरून स्वतः खरवडून काढणार.